मधल्या माणसानं कधी उठावं

अकरा दिवस झाले तरी त्या मेलला उत्तर नव्हतं. मेल माझाच होता आणि लिहिताना तो मला चांगला जमला असं वाटलं होतं, हे आधीच कबूल करते. दोन माणसं, दोघंही माझ्या ओळखीची, एकमेकांना अनोळखी. मी दोघांना एकाच मेलमध्ये घेतलं, दोघांबद्दल चार-चार कौतुकाच्या ओळी लिहिल्या आणि शेवट केला, "तरी आपण सवडीनं वेळ ठरवून बोलावं." पाठवलं आणि एक काम हातावेगळं झालं म्हणून खूश होऊन मी दुसऱ्या कामाला लागले.

बाराव्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. "त्यांचं काहीच आलं नाही हो. नसेल त्यांना वेळ. जाऊ दे, तुम्ही उगाच त्रास घेतलात." त्याच संध्याकाळी दुसऱ्या टोकाकडून मेल आला, फक्त मला. "तुम्हाला कोणती वेळ सोयीची आहे ते कळवा. तिघांनी बोलायचं आहे ना?"

म्हणजे बाई त्यांच्या उत्तराची वाट बघत होत्या, ते माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि मी कुणाचीच वाट बघत नव्हते. माझ्या लेखी ते काम झालेलं होतं.

आधी प्रकरण काय होतं ते सांगते. बाईंच्या घरी त्यांच्या वडिलांच्या आवाजाच्या 22 टेप होत्या. कॅसेट नव्हेत, त्याआधीच्या मोठ्या रिळांच्या. वाजवायचं यंत्र कधीच बंद पडलेलं. माझ्या ओळखीचे एक ध्वनितंत्रज्ञ जुन्या टेपवरचा आवाज संगणकावर उतरवून घेण्याचं काम करतात. ते राहतात युरोपात, मराठी लिहितात-बोलतात, स्वभावानं भिडस्त. बाईंनी मला विचारलं, "तुमच्या माहितीत कुणी आहे का?" मी म्हटलं, आहे की. आणि लगेच तो मेल लिहिला.

त्या शेवटच्या वाक्यात इतक्या चुका कशा मावल्या याचा मी नंतर बराच विचार केला.

पहिली चूक 'आपण'ची. आपल्या भाषेत 'आपण' म्हणजे अत्यादरानं केलेलं 'तुम्ही', आणि 'आपण' म्हणजे मी धरून सगळे. एरवी संदर्भावरून कळतं. पण तीन माणसं असलेल्या मेलमध्ये "आपण वेळ ठरवून बोलावं" असं लिहिलं, तर वाचणारा मधल्या माणसाला त्यात धरणार की नाही? मी आदरार्थी लिहिलं, त्यांनी समावेशक वाचलं. त्यांची चूक अजिबात नव्हती. व्याकरण त्यांच्या बाजूनं होतं, वर मी वाक्याच्या आधी मोठ्या उत्साहानं "या निमित्तानं खूप दिवसांनी गप्पा होतील" असंही लिहून ठेवलं होतं. कुणाच्या गप्पा ते लिहिलं नव्हतं.

दुसरी 'सवडीनं'ची. हा शब्द आपण सभ्यपणा म्हणून वापरतो. पण सवडीनं करायच्या गोष्टींची यादी प्रत्येकाच्या घरी असते आणि ती कशी वाढत जाते हे सांगायला नको.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. वाक्यात क्रियापद होतं, पण ते कुणी करायचं हे नव्हतं. "दोघांनी ठरवा" म्हटलं की ते दोघांचं काम होतं, आणि दोघांचं काम म्हणजे पहिल्यांदा हात कुणी पुढे करायचा याचा संकोच. बाईंना वाटलं, एवढा मोठा जाणकार माणूस, आपण कशाला मागे लागायचं, ते कळवतीलच. त्यांना वाटलं, टेप बाईंच्या, त्यांना घाई आहे की नाही कोण जाणे, आपणच वेळ मागितली तर काम मिळवायला धडपडतोय असं दिसेल. दोघांचीही सभ्यता एकमेकांच्या आड आली.

म्हणून मी आता एक नियम पाळते. ज्याला गरज आहे त्यानं आधी लिहायचं, आणि हे ओळख करून देणाऱ्यानं मेलमध्येच नाव घेऊन सांगायचं. नाव घेतल्यानं संकोच मोडतो. मग बाई आपणहून मागे लागल्या असं होत नाही. मी सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं. आणि समोरच्यालाही कळतं की आपण थांबायचं आहे, आपल्याकडून काही राहिलेलं नाही.

पण हे सगळं त्या एकत्र मेलबद्दल झालं. खरी गडबड त्याच्याही आधी झाली होती. मी बाईंना होकार दिला होता, तंत्रज्ञांना विचारलंच नव्हतं.

अचानक दोघांना एका मेलमध्ये आणलं की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही. नाही म्हणायचं तर ते त्या अनोळखी बाईंच्या तोंडावर म्हणावं लागतं. भिडस्त माणूस मग नाहीही म्हणत नाही आणि होही म्हणत नाही. गप्प बसतो, किंवा मधल्याला गुपचूप मेल करून विषय सैल सोडतो. मला एकटीला आलेल्या त्या उत्तराचं खरं कारण थोडंफार हेही होतं. ते तेव्हा घर बदलत होते. यंत्रं खोक्यांत बांधलेली. पुढचे चार-पाच आठवडे त्यांना कुठल्याही टेपला हात लावणं शक्य नव्हतं. हे त्यांनी मला विचारल्यावर सांगितलं. आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं.

शिवाय एकत्र मेल पाठवला की आपण बाईंचा पत्ता त्यांना आणि त्यांचा बाईंना देऊन टाकलेला असतो. तो परत घेता येत नाही. फोन नंबर द्यायचा असेल तर आपण निदान दहा वेळा विचार करतो. मेलच्या पत्त्याचं तसं वाटत नाही, एवढंच.

तेव्हा मी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरवलं. दोघांना वेगवेगळं लिहिलं की माझ्याकडून घाई झाली, पहिला मेल विसरून जा.

बाईंना म्हटलं, मला एक टिपण लिहून पाठवा, मी ते जसंच्या तसं त्यांच्याकडे पाठवीन. ही युक्ती माझी नाही, खूप लोक वापरतात, आणि तिचा फायदा दुहेरी आहे. गरज कुणाची आहे ते त्याच्याच शब्दांत पोचतं, आणि मधल्या माणसाला ज्यातलं कळत नाही त्यात शहाणपणा करावा लागत नाही. मी माझ्या पहिल्या मेलमध्ये "काही अमूल्य जुन्या टेप" असं लिहिलं होतं. अमूल्य! त्या शब्दावरून तंत्रज्ञाला काय कळणार?

बाईंचं टिपण आलं ते दोन पानी. वडील कसे होते, त्यांचा आवाज कसा होता, घरात यंत्र पहिल्यांदा आलं तेव्हा सगळी भावंडं कशी भोवती बसली. वाचताना माझेही डोळे भरून आले, पण हे टिपण असंच पुढे पाठवलं तर ते उघडून ठेवलं जाईल आणि "निवांत वाचू" या सदरात जाईल. मी त्यांना फोन केला आणि चारच गोष्टी विचारल्या. टेप किती, रिळं केवढी, डब्यांवर काय लिहिलंय आणि त्यांची अवस्था कशी आहे. त्या फोन हातात धरूनच कपाटाकडे गेल्या. डबे उघडण्याचा आवाज येत होता.

"बावीस आहेत. पट्टीनं मोजते थांबा... सात इंच. सगळी तेवढीच. वर पेन्सिलीनं 3.75 लिहिलंय, काहींवर 7.5. आणि अहो, या खालच्या दोन डब्यांना कसला तरी आंबूस वास येतोय. व्हिनेगरसारखा."

मला त्यातलं काहीच कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते पाच ओळींचं टिपण तंत्रज्ञांकडे गेलं, खाली माझी एक ओळ: "यात तुम्हाला रस आहे का? नसेल किंवा सध्या जमणार नसेल तर मला फक्त 'नाही' कळवा, कारण नको. बाईंना मी सांभाळून सांगेन." उत्तर तासाभरात आलं. दहा-बारा दिवस गप्प बसलेला माणूस तासाभरात उत्तर देतो, तेव्हा त्याला पहिल्या मेलमध्ये धरायला काही नव्हतं हे मान्य करावंच लागतं. 3.75 आणि 7.5 म्हणजे टेप सेकंदाला किती इंच सरकते ती गती. आणि व्हिनेगरचा वास म्हणजे अॅसिटेटची टेप कुजायला लागल्याची खूण; ती हळूहळू आखडते, ठिसूळ होते आणि एकदा सुरू झालेलं हे कुजणं मागे फिरत नाही. "ते दोन डबे बाकीच्यांपासून वेगळे ठेवायला सांगा," त्यांनी लिहिलं, "आणि कुणाकडून यंत्र आणून वाजवून बघू नका म्हणावं. बोलायला मी तयार आहे, पण पुढच्या महिन्याच्या 20 तारखेनंतर. अर्धा तास पुरेल."

हा होकार खरा होता, कारण त्याला अट होती, तारीख होती आणि मर्यादा होती. "हो हो, नक्की, देऊन टाका माझा पत्ता" यापेक्षा असा होकार मला जास्त भरवशाचा वाटतो.

मग एकत्र मेल. नवाच लिहिला. हे मुद्दाम सांगते, कारण जुन्याच मेलला उत्तर देऊन त्यात तिसरा माणूस जोडण्याची सवय मला एकदा चांगलीच भोवली आहे. एका संपादनाच्या कामासाठी मी अशी ओळख करून दिली होती. वर छान परिचय, आणि खाली, तीन उत्तरांच्या खोलात, मीच कधीतरी लिहिलेलं वाक्य: "काम उत्तम करतात, फक्त दर दोन दिवसांनी आठवण करावी लागते." ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांनी खालपर्यंत वाचलं. त्यांनी काम उत्तम केलं आणि वेळेच्या आधी केलं, आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मेलच्या तळाशी काय काय लोंबत असतं ते पाठवणाऱ्याला दिसत नाही, कारण ते बहुतेक वेळा तीन टिंबांच्या मागे दडपलेलं असतं. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मात्र वेळ असतो आणि कुतूहलही.

तर हा तो मेल, नावं तेवढी गाळून. विषयाच्या ओळीत दोघांची नावं आणि "22 टेपसंबंधी" एवढंच. महिन्याभरानं शोधायचा झाला तर दोघांपैकी कुणाचंही नाव टाकून सापडावा म्हणून.

> ताई, सर,
>
> तुम्हा दोघांशी माझं वेगवेगळं बोलणं झालेलं आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.
>
> सर, ज्यांच्या टेपबद्दल मी लिहिलं होतं त्या याच ताई. त्यांचं टिपण खाली पुन्हा जोडलं आहे. ताई, जुन्या टेपवरचा आवाज उतरवून घेण्याचं काम सर करतात. पहिलं अर्ध्या तासाचं बोलणं करायला ते तयार आहेत.
>
> ताई, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेनंतरच्या, तुम्हाला सोयीच्या अशा तीन वेळा तुम्ही सरांना कळवा. सर, त्यातली जमेल ती तुम्ही सांगा. वेळ तुम्ही दोघांनीच ठरवायची आहे. मी बोलण्यात नसेन, त्यामुळे माझी सोय बघू नका.
>
> पहिल्या उत्तरात मला Bcc मध्ये टाकलंत की पुढचे मेल मला आले नाहीत तरी चालेल.

एवढं लिहायला मला पाऊण तास लागला, आणि त्यातला बराचसा "वेळ तुम्ही दोघांनीच ठरवायची आहे" या वाक्यात गेला. हे मराठीत म्हणायला सोपं नाही. "तुमचं तुम्ही ठरवा" म्हटलं तर हात झटकल्यासारखं वाटतं. "परस्पर ठरवा" अगदी अचूक आहे, पण 'परस्पर' या शब्दाला एक कुबट वास आहे. परस्पर झालेल्या गोष्टी म्हणजे कुणाला तरी अंधारात ठेवून झालेल्या. "आपसांत" बरं, पण त्याला तडजोडीची छटा आहे, जणू आधी भांडण झालं होतं. शेवटी सरळ 'तुम्ही दोघांनीच' लिहिलं आणि 'च'चा ठसका निघावा म्हणून पाठोपाठ कारण दिलं: मी बोलण्यात नसेन. कारण दिलं की हात झटकल्यासारखं वाटत नाही. सोय करून दिल्यासारखं वाटतं, आणि ती खरंच सोय असते. तिघांच्या मोकळ्या वेळा जुळवणं हे दोघांच्या जुळवण्यापेक्षा दीडपट कठीण नसतं, कितीतरी जास्त असतं. आणि त्यातला तिसरा माणूस बोलण्यात नसणारच असेल, तर तो निव्वळ अडथळा. प्रत्येक निरोप माझ्यामार्फत गेला असता, तर मी रात्री झोपलेली असताना त्यांचा एक दिवस आणि ते कामात असताना बाईंचा एक दिवस, असे दिवस उगाच खर्ची पडले असते.

मेलमधलं कौतुक मी जवळजवळ काढून टाकलं. पहिल्या मेलमध्ये मी सरांना "या क्षेत्रातलं मोठं नाव" म्हटलं होतं. त्यानं बाई दबल्या, आणि सर अवघडले. ओळख करून देताना माणूस किती मोठा हे सांगण्यापेक्षा तो समोरच्याच्या नेमक्या कोणत्या कामाचा, हे सांगितलेलं पुरतं.

आता ते Bcc. बाईंना ते फोनवर समजावून सांगावं लागलं आणि मलाही सांगता सांगता नीट समजलं. Cc म्हणजे कार्बन कॉपी, टंकयंत्रात दोन कागदांच्या मध्ये कार्बन घालून निघायची ती. मेलची रचना ठरवून देणाऱ्या 1982 सालच्या RFC 822 या दस्तऐवजातही To, Cc आणि Bcc हे तिन्ही रकाने आहेत, म्हणजे ही सोय तशी जुनीच. Cc मधलं नाव सगळ्यांना दिसतं आणि Reply All केलं की त्या नावाला पुन्हा मेल जातो. Bcc मधल्या माणसाला मेल मिळतो, पण त्याचा पत्ता इतरांच्या प्रतीत नसतो. त्यामुळे पुढच्या Reply All मधून तो आपोआप गळतो. म्हणजे बाईंनी पहिलं उत्तर Reply All करून लिहायचं, माझा पत्ता To किंवा Cc मधून उचलून Bcc मध्ये ठेवायचा, आणि वर एक ओळ लिहायची की मला Bcc मध्ये घेतलंय. मला तो एक मेल मिळतो. गाडी सुटली हे मला कळतं. त्यानंतरचं मला काहीच येत नाही.

"मग सरळ काढूनच टाकते की तुमचं नाव," बाई म्हणाल्या.

काढूनही चालतं. पण मग आधीसारखंच होतं: शांतता आहे, आणि ती कसली शांतता आहे ते मला कळत नाही. आणि सरांनाही वाटू शकतं की बाईंनी मला गाळलं. ती एक ओळ त्यासाठी. आणखी एक खबरदारी मधल्या माणसानं घ्यायची असते. Bcc मध्ये आलेल्या मेलला आनंदाच्या भरात Reply All करून "वा, छान!" लिहायचं नाही. तो मेल दिसणाऱ्या सगळ्या पत्त्यांवर जातो, आणि नुकताच निरोप घेऊन बाहेर पडलेला माणूस दारातून पुन्हा डोकावतो. मी हे केलेलं आहे. एकदा नव्हे.

बाईंचा मेल त्याच रात्री आला. Bcc बरोबर. तीन वेळाही दिलेल्या होत्या, वार आणि तारखेसकट: तिन्ही संध्याकाळी सातच्या. शेवटची ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यातल्या मंगळवारची. आणि प्रत्येकीपुढे त्यांनी कंसात, मोठ्या काळजीनं, "तुमच्याकडे दुपारचे साडेतीन" असं लिहिलं होतं. दोन घड्याळांत साडेतीन तासांचा फरक आहे हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं असणार. मला ते वाचून बरं वाटलं आणि मी मेल बंद केला.

इथेच एक खोच होती, आणि ती माझ्याही लक्षात आली नाही. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. पहिल्या दोन वेळा त्या रविवारच्या आधीच्या होत्या, तिसरी नंतरची. म्हणजे त्या मंगळवारी बाईंकडे सात वाजलेले असताना सरांकडे साडेतीन नव्हे, अडीच वाजणार होते. सरांनी आधीच्या दोन वेळा जमणार नाहीत म्हणून तिसरीच निवडली. तीन वाजेपर्यंत ते कामावर असतात. बाई सात वाजता तयार होऊन बसल्या असत्या आणि ते तासाभरानं आले असते; पहिल्याच भेटीला एक तास उशीर, आणि दोघांच्याही दृष्टीनं आपण अगदी वेळेवर!

तसं झालं नाही, कारण सरांनी नुसतं "मंगळवार चालेल" लिहून सोडलं नाही. त्यांनी कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं, आणि आमंत्रणात वेळ टाकताना यंत्रानं बाईंच्या बाजूला आठ दाखवले. बाईंनी विचारलं, सातचं ठरलं होतं ना? मग उलगडा झाला. आमंत्रणाचा फायदा हाच की ते प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या घड्याळात वेळ दाखवतं. कंसातलं गणित माणसाचं, आणि माणूस आजचा फरक पुढच्या महिन्यालाही लावतो. बाईंनी नुसती आपली वेळ आणि कुठल्या घड्याळाची ते लिहिलं असतं तर पुरलं असतं. दुसऱ्याच्या घड्याळात रूपांतर करून द्यायचा चांगुलपणाच नडणार होता. शेवटी त्यांनी आठ वाजताचंच ठेवलं.

हे सगळं मला तेव्हा कळलं नाही. मी Bcc मधून गळले होते. महिनाभराहून जास्त मी काही विचारलं नाही, आणि हे दिवस मला सोपे गेले नाहीत. ओळख करून देणाऱ्याला एक खाज असते, झालं का बोलणं, कसं झालं, माझ्याबद्दल काय म्हणाले. ती दाबून ठेवावी लागते. विचारायचंच तर ठरलेली तारीख उलटून गेल्यावर, एकदाच, आणि ज्याची गरज होती त्याला. दुसऱ्याला विचारलं तर तो तगादा होतो: मी सांगितलेलं काम तुम्ही केलंत का?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी बाईंना एक ओळ पाठवली, "बोलणं झालं का? उत्तराची घाई नाही." उत्तर म्हणून फोनच आला आणि मग वरची आठ आणि सातची गंमत त्यांनी सांगितली. वासाचे ते दोन डबे आधी पाठवायचं ठरलं होतं. बाकीचे वीस नंतर. दर मंगळवारी रात्री आठला बोलायचं, अर्धा तास, एकेका डब्यावर वडिलांनी जे लिहिलंय ते बाई वाचून दाखवणार आणि सर नोंदवून घेणार. "फार कमी बोलतात हो ते," बाई म्हणाल्या, "पण ऐकतात मात्र नीट."

माझ्या बाजूनं एकच गोष्ट शिल्लक राहिली आहे. पुढच्या मंगळवारांचं आमंत्रण पाठवताना सरांनी माझ्या मूळ मेलवरून पत्ते उचलले असावेत, कारण त्यात मीही आहे. आणि ते दर आठवड्याचं आहे. मी 'नाही' दाबलं तर सरांना तसं कळेल, आणि ते भिडस्तपणे मला मेल करतील की तुम्हाला वेळ बदलून हवी आहे का. म्हणून मी काहीच दाबलेलं नाही. दर मंगळवारी आठला दहा मिनिटं कमी असताना माझा फोन एकदा थरथरतो, पडद्यावर दोघांची नावं येतात आणि पुढे "टेप 5 ते 7" असं काहीतरी. मागच्या मंगळवारी 14 वर आले होते.